पंचेचाळीसवर कापायचं, पन्नासवर नाही

ईसीजीची पट्टी हातात घेतली आणि रेघ सुईने कशिदा काढल्यासारखी बारीक दातेरी दिसली, की प्रयोगशाळेत पहिला हात जातो तो प्लगकडे. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ. ती तारांमधून, अंगातून, इलेक्ट्रोडमधून झिरपते आणि हृदयाच्या जेमतेम एक मिलिव्होल्टच्या ठोक्यावर स्वार होते. अर्थिंग सुधारून, तारा एकत्र पिळून बराच गुरगुराट कमी होतो. उरलेला गणिताने गाळावा लागतो.

यंत्र हृदयाचा सिग्नल सेकंदाला 500 वेळा मोजतं असं धरू. म्हणजे हातात आकड्यांची माळ आहे, दर दोन मिलिसेकंदांना एक आकडा. सुचणारा पहिला उपाय सोपा आहे: लागोपाठच्या दहा आकड्यांची सरासरी घ्यायची. दहा आकडे म्हणजे 20 मिलिसेकंद, म्हणजे 50 हर्ट्झच्या लहरीचा नेमका एक फेरा. चढ-उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि गुरगुराट शून्य. हे खरंच होतं. पण त्याच सरासरीत 20 हर्ट्झचा घटक तीन चतुर्थांश उरतो आणि 40 हर्ट्झचा तर चौथा हिस्साही उरत नाही. ठोक्याचं टोकदार शिखर ज्या घटकांनी बनतं तेच आपण कुस्करले. रोग गेला, रोगी बारीक झाला.

म्हणून आधी अटी लिहून काढायच्या. मॉनिटरवर पाहायच्या ईसीजीसाठी मी विद्यार्थ्यांना ही देतो: 40 हर्ट्झपर्यंत सगळं जसंच्या तसं जाऊ द्या, हा पासबँड. 50 हर्ट्झपासून पुढचं सगळं निदान 50 डेसिबलने खाली आणा, हा स्टॉपबँड. 50 डेसिबल म्हणजे सुमारे 316 पट घट. एक मिलिव्होल्टचा गुरगुराट तीन मायक्रोव्होल्टवर येतो. मधले 40 ते 50 हे दहा हर्ट्झ म्हणजे उताराची जागा. तिथे फिल्टरने काय करावं याची आपली काही अट नाही. पण हा उतार किती अरुंद, यावरच सगळा खर्च ठरतो.

फिल्टर म्हणजे इथेही सरासरीच आहे, फक्त प्रत्येक आकड्याला वेगळं वजन. या वजनांना टॅप म्हणतात. 45 हर्ट्झवर कडेलोट असलेला आदर्श फिल्टर हवा असेल, तर वजनं कोणती घ्यायची हे गणित थेट सांगतं. मधल्या टॅपपासून `k` घरं दूर असलेल्या टॅपचं वजन असं:

`h(k) = sin(0.18πk) / (πk)`

इथला 0.18 हा 45 ला 500 च्या निम्म्याने, म्हणजे 250 ने भागून आला. मधल्या टॅपचं वजन 0.18, शेजारच्या दोघांचं 0.1706. पाचव्या घरापर्यंत वजन धन राहतं, सहाव्या घरी ऋण होतं, मग पुन्हा धन. डोंगराच्या दोन्ही बाजूंना विझत जाणाऱ्या लहरी असाव्यात तसं. अडचण एवढीच की त्या पूर्ण विझत नाहीत. माळ दोन्हीकडे अनंत आहे. कुठेतरी कात्री लावावीच लागते.

सरळ कात्री लावून 45 टॅप ठेवले तर उताराची रुंदी नेमकी आपल्याला हवी तेवढी, दहा हर्ट्झच्या आसपास येते. पण 50 हर्ट्झवर सुमारे नऊ टक्के गळती राहते. एक मिलिव्होल्टच्या गुरगुराटातले 0.09 मिलिव्होल्ट उरतात. ईसीजीच्या कागदावर एक मिलिमीटर म्हणजे 0.1 मिलिव्होल्ट, आणि एसटी भागात एवढ्या फरकालाही डॉक्टर महत्त्व देतात. मग टॅप वाढवावेत? 165 करून पाहा. आधी 56 हर्ट्झजवळ असलेला गळतीचा सर्वांत मोठा फुगवटा सरकून 48 जवळ येतो, पण त्याची उंची तीच नऊ टक्के राहते. 45 घ्या की 4500, कड्याला चिकटून तो फुगवटा बसलेलाच. गिब्जने 1899 मध्ये 'नेचर'मध्ये पत्र लिहून हे मांडलं, म्हणून त्याला गिब्जचा परिणाम म्हणतात. विलब्रहॅम नावाच्या इंग्रज गणितज्ञाने तेच 1848 मध्ये लिहून ठेवलं होतं, पण कोणी लक्ष दिलं नव्हतं.

दोष लांबीचा नाही, कात्रीचा आहे. माळ अचानक तुटते म्हणून फुगवटा येतो. मग ती तोडण्याऐवजी कडांकडे हळूहळू बारीक करत नेली तर? हीच विंडो. प्रत्येक टॅपला आणखी एका आकड्याने गुणायचं, जो मध्ये एक असतो आणि कडांना लहान होत जातो. हॅमिंग विंडोत तो कडेला 0.08 होतो. रिचर्ड हॅमिंग बेल लॅब्जमधले गणितज्ञ. त्यांच्याशी नावाने गल्लत होणारे हान मात्र व्हिएन्नाचे हवामानशास्त्रज्ञ. विद्यार्थी दोन्हींना 'हॅनिंग-हॅमिंग' म्हणून एका दावणीला बांधतात, पण निकालात फरक आहे.

विंडो निवडण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी गळतीची अट पाहायची, कारण ती फक्त विंडोच्या आकारावर ठरते, लांबीवर नाही. साधी कात्री 21 डेसिबल देते, हान 44, हॅमिंग 53, ब्लॅकमन 74. आपल्याला 50 हवेत, तेव्हा हान बाद, हॅमिंग पास. ब्लॅकमनही चालेल, पण ते दोन माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाचं पातेलं काढल्यासारखं होईल, कारण त्याला टॅप जास्त लागतात.

मग लांबी. ती उताराच्या रुंदीवरून येते. दहा हर्ट्झला 500 ने भागलं की 0.02. हॅमिंगसाठी नियम असा की टॅपची संख्या साधारण 3.3 भागिले ही रुंदी: 165. ब्लॅकमनला 3.3 च्या जागी 5.5 घ्यावे लागतात, म्हणजे 275 टॅप. उतार निम्मा अरुंद मागितला, 45 ते 50, तर हॅमिंगचेही 330 होतील. अट लिहिताना हा हिशेब लक्षात ठेवला की माणूस उगाच हट्ट करत नाही.

आता शीर्षकातली गोष्ट. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, घालवायचं पन्नासला आहे, मग कटऑफ पन्नासच टाकू ना?" टाकून बघायला सांगतो. पट्टीवर गुरगुराट निम्म्याने कमी होतो आणि मग ढिम्म हलत नाही. विंडो पद्धतीत कटऑफ हा उताराचा मध्य असतो. तिथे फिल्टर बरोबर अर्ध्यावर येतो, सहा डेसिबल. सुरक्षित भाग त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या उताराएवढा दूर सुरू होतो. म्हणून 40 आणि 50 चा मध्य, 45. निम्मा उरलेला गुरगुराट ही या चुकीची खूण आहे. ती दिसली की टॅप वाढवत बसू नका, कटऑफ तपासा.

टॅप मुद्दाम विषम घेतो. 165 मध्ये एक मधला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना 82-82, आरशातल्यासारखे सारखे. या सममितीतच लिनिअर फेजचं सगळं मर्म आहे. मध्यापासून तीन घरं आधीचा आणि तीन घरं नंतरचा आकडा एकाच वजनाने मोजला जातो. एक जेवढा पुढे ओढतो तेवढाच दुसरा मागे. त्यामुळे 5 हर्ट्झची लहर असो की 35 ची, बाहेर पडायला दोघींना सारखाच उशीर होतो: 82 आकडे, म्हणजे 164 मिलिसेकंद. दिंडीतले सगळेच सारखे रेंगाळले तर रांग मोडत नाही, तसं. वेगवेगळ्या लहरींना वेगवेगळा उशीर झाला असता तर शिखर एकीकडे, त्याची शेपूट दुसरीकडे, आणि एसटी भाग नसताना वर किंवा खाली सरकलेला दिसला असता. सम संख्या घेतली तरी सममिती राहते, पण उशिरात अर्धा आकडा येतो आणि मूळ नोंदीवर गाळलेली नोंद ठेवून जुळवताना तो अर्धा डोक्याला ताप होतो.

प्रत्यक्ष काम पाच ओळींचं आहे:

```python
import numpy as np
from scipy.signal import firwin, freqz
h = firwin(165, 45, window="hamming", fs=500)
f, H = freqz(h, worN=[40, 50], fs=500)
print(20*np.log10(abs(H)))
```

शेवटच्या दोन ओळी गाळू नका. 3.3 चा नियम अंदाजाचा आहे, कायद्याचा नाही. 40 हर्ट्झवर उत्तर शून्याच्या अगदी जवळ हवं आणि 50 वर उणे पन्नासच्या खाली. थोडं कमी पडलं तर दोन-चार टॅप वाढवायचे, पुन्हा बघायचं. सगळ्या टॅपची बेरीज एक आहे ना, हेही पाहायचं. `firwin` ते स्वतः करतं, पण हाताने विंडो गुणली असेल तर बेरीज किंचित चुकते आणि पूर्ण नोंद थोडी उंच किंवा बुटकी होते.

165 हे फार वाटतात का? जेम्स कायझर, हेही बेल लॅब्जचेच, यांनी अशी विंडो दिली जिचा आकार एका आकड्याने हवा तसा वळवता येतो. तिच्यात नेमके 50 डेसिबल मागता येतात, 53 साठी फुकटचे पैसे मोजावे लागत नाहीत. आपल्या अटींना तिचं सूत्र 148 टॅप सांगतं. विषम करून 149. वाचले सोळा. एवढ्यासाठी मी हॅमिंग सोडत नाही, पण बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रात प्रत्येक ठोक्यामागे हजारो गुणाकार वाचत असतील तर कायझर घ्यावा.

विंडोच्या पद्धतीला एक खोडी आहे. पासबँडमधला चढउतार आणि स्टॉपबँडमधली गळती तिच्यात सारख्याच निघतात. हॅमिंगने गळती पाव टक्क्याच्याही आत आणली म्हणून पासबँडही तितकाच गुळगुळीत झाला, जो आपण मागितलाही नव्हता. एकाला ढिलं सोडून दुसऱ्याला घट्ट धरायचं असेल तर दुसऱ्या पद्धतीकडे जावं लागतं.

आणि 164 मिलिसेकंद. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, तेव्हा पट्टी सुमारे चार मिलिमीटर उशिरा उमटते. छापील नोंदीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण त्याच शिखरावर बीप वाजवायची असेल, किंवा शॉक नेमक्या शिखरावर द्यायचा असेल, तर हा फिल्टर त्या वाटेवर ठेवता येत नाही.

परवा एका विद्यार्थिनीने गाळलेली आणि न गाळलेली पट्टी एकावर एक ठेवली. दाते गेले होते, रेघ स्वच्छ होती, एसटी जागच्या जागी. शिखर मात्र किंचित बुटकं. "सर, चुकलं का?" चुकलं नव्हतं. शिखराचा थोडा भाग 40 हर्ट्झच्या वरच्या घटकांनी बनतो. तो आम्ही अट लिहितानाच सोडून दिला होता. निदानासाठीच्या ईसीजीला 150 हर्ट्झपर्यंतचं सगळं लागतं, आणि तिथे हा फिल्टर चालत नाही. तिने पट्टीच्या कडेला पेनने `40 Hz` लिहिलं आणि न गाळलेली प्रत तिच्या मागे टाचली.