आधी मास्तरांना विचारा, मग पोस्ट टाका

दिवाळीचं नवं कलेक्शन आलं की बुटीकच्या ताई आधी मोबाइल हातात घेतात. पहिला हिशेब मात्र शिवणयंत्राशी करायला हवा.

समजा, नाशिकमधल्या एका लहान बुटीकने खणाचे आणि काठाचे ब्लाउज आणले आहेत. कटिंगला एक मास्तर, शिवायला दोन कारागीर. प्रत्येकाचे दिवसाला अस्तराचे चार ब्लाउज धरले, तर रोज 8 होतात. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण 20 दिवस मिळतात. पहिले तीन मापं घेण्यात आणि शेवटचे पाच ट्रायल-अल्टरमध्ये गेले, की शिलाईला उरतात 12 दिवस, म्हणजे 96 ब्लाउज. नेहमीच्या गिऱ्हाइकांची कामं बाजूला काढली की नव्या कलेक्शनच्या वाट्याला येतात सत्तरेक. आठवडाभराच्या पोस्टनी एवढ्याच ऑर्डर आणायच्या आहेत.

पितृपक्षात बऱ्याच घरांत नवे कपडे घेत नाहीत. म्हणून आठवडा असा लावावा, की पाचवा दिवस दसऱ्याला येईल आणि त्याच दिवशी बुकिंग उघडेल. नमुन्याचे चार-पाच ब्लाउज त्याआधीच शिवून हवेत. सगळे फोटो एकाच सकाळी, खिडकीपाशी काढून ठेवावेत. फ्लॅशमध्ये जर पांढरी पडते आणि ट्यूबलाइटखाली खणाचा रंग फसवा दिसतो.

पहिल्या दिवशी फक्त कापड: खणाची वीण जवळून दिसेल असा एक फोटो. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या हातचं कटिंग, छोट्या व्हिडिओत. तिसऱ्या दिवशी तोच ब्लाउज वेगवेगळ्या अंगलटीच्या तिघींनी घातलेला, अर्थात त्यांना विचारून. आपल्याला बसेल का, ही बायकांची खरी शंका असते आणि ती पुतळ्यावरच्या फोटोने फिटत नाही.

सगळ्यात जास्त मेहनत चौथ्या दिवसावर घ्यावी. कापडासह शिलाई किती, अस्तर धरलं आहे का, लटकनचे वेगळे पैसे का, कपडा कधी मिळणार, हे सगळं एकाच चित्रात लिहावं. किंमत लपवून ‘मेसेज करा’ म्हटलं, की निम्मा दिवस उत्तरं देण्यात जातो. पोस्ट टाकल्यावरही ‘केवढ्याला?’ असे प्रश्न येत राहिले, तर चित्रातली अक्षरं बारीक आहेत असं समजावं आणि ते पुन्हा करावं.

दसऱ्याला सकाळी बुकिंगचा निरोप जातो. इथे एक अडचण हमखास येते. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी बुटीकचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच पोहोचतो. म्हणून माप घेतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगावं. स्टेटस 24 तासांत जातं, तेव्हा तेच सहाव्या दिवशी उरलेल्या जागांचा आकडा घालून पुन्हा लावावं.

सातव्या दिवशी एकच सूचना: मापाला येताना अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज आणा. सत्तर ऑर्डर त्याआधीच भरल्या, तर त्या दिवशी ‘बुकिंग बंद’ लिहायचं आणि नवी ऑर्डर घ्यायची नाही.