एक ‘वा’, तीन शब्द : गाथांच्या रोमन लिप्यंतराचा मागोवा

यस्नाच्या अठ्ठाविसाव्या हाइतीत, म्हणजे गाथांच्या अगदी आरंभी, दुसरं आणि तिसरं कडवं एकाच जोडशब्दाने सुरू होतं. पहिला शब्द ‘जो’ अशा अर्थाचा, दुसरा एका अक्षराचा. साध्या रोमन अक्षरांत छापलेल्या पुस्तकात हा दुसरा शब्द va असा दिसतो. संस्कृत शिकलेला वाचक तो ‘वा’ म्हणजे ‘किंवा’ असा वाचून पुढे जातो, आणि पहिल्याच पावलाला वाट चुकतो.

कारण त्या साध्या va च्या मागे अवेस्तात तीन वेगळे शब्द दडलेले असू शकतात. vā म्हणजे ‘किंवा’. və̄ म्हणजे ‘तुम्हांस’ किंवा ‘तुमचं’. इथे चतुर्थी-षष्ठी आहे. आणि vå म्हणजे ‘तुम्हांला’, द्वितीया. संस्कृतात पुढच्या दोन्हींसाठी ‘वः’ हा एकच शब्द पुरतो, पण गाथांच्या जुन्या भाषेने त्यांची रूपं वेगळी ठेवली आहेत. या दोन कडव्यांत आहे तो तिसरा, डोक्यावर कडं असलेला. ते कडं छापखान्यात गळलं की विभक्ती गेली, आणि विभक्ती गेली की कोण कोणाची स्तुती करतंय तेही गेलं.

ही गळती नवी नाही. अवेस्ताची लिपी सासानी काळात पहलवी लिपीवरून मुद्दाम घडवली गेली. पन्नासाहून जास्त चिन्हं, स्वरांची बारीकसारीक वर्गवारी, लिखाण उजवीकडून डावीकडे. पाठ करणाऱ्यांचा उच्चार जसाच्या तसा टिपणं हाच तिचा हेतू होता. पण त्याच सासानी काळात बोलली जाणारी मध्य-फारसी आपल्या विभक्ती बहुतेक गमावून बसली होती. त्यामुळे गाथांचं पहलवी भाषांतर करणाऱ्यांनी शब्दांचे अर्थ बरेचसे राखले, पण प्रत्ययांना मात्र त्यांच्या भाषेत जागाच नव्हती. पुढे गुजरातेत नेर्योसंघाने संस्कृत भाषांतर केलं तेही त्या पहलवीवरून. म्हणजे आठ विभक्तींच्या भाषेतला मजकूर जवळजवळ विभक्तीविना असलेल्या भाषेतून गाळून पुन्हा आठ विभक्तींच्या भाषेत आला, आणि मधल्या गाळणीत जे अडकलं ते अडकलंच.

१८३३ साली पॅरिसमध्ये यूजेन बर्नूफ याने यस्नावरचं आपलं भाष्य प्रसिद्ध केलं, तेव्हा हे उलगडायला सुरुवात झाली. त्याच्याजवळ नेर्योसंघाच्या संस्कृत भाषांतराचं हस्तलिखित होतं. त्याने त्यातला अर्थ आधाराला घेतला, पण शब्दांची रूपं मात्र वैदिक संस्कृतच्या शेजारी ठेवून तपासली. ‘अहुरह्या’च्या शेजारी ‘असुरस्य’ ठेवलं की षष्ठी ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. हेच रूप नंतरच्या अवेस्तात ‘अहुरहे’ असं झिजलेलं सापडतं. एका प्रत्ययावरून मजकुराचं वय सांगता येतं, ते असं.

मार्टिन हाउग १८५९ साली पुण्याला पूना कॉलेजात संस्कृत शिकवायला आला, तेव्हा त्याचं गाथांवरचं जर्मन पुस्तक छापून होत होतं. पुण्यात राहून त्याने पारशी दस्तुरांशी गाठीभेटी केल्या, १८६२ साली मुंबईत पारशांच्या धर्मग्रंथांवरचे आपले निबंध प्रसिद्ध केले, आणि पुढे गुजरातेत फिरून हस्तलिखितं जमवली. त्या पिढीच्या पुस्तकांत दीर्घ स्वरावर टोपी असते आणि कड्याच्या स्वराऐवजी âo अशी जोडी असते. त्यामुळे ‘मज़्दा’ची प्रथमा mazdâo दिसते. नवखा वाचक तिथे दोन स्वर वाचतो. प्रत्यक्षात ते एकच अक्षर आहे. पारशी प्रार्थनापुस्तकांतून ‘मज़्दाओ’ असा उच्चार रूढ आहे, त्याचा आणि या छपाईचा मेळ मात्र छान बसतो.

यानंतर जी पद्धत स्थिरावली ती ख्रिस्तियान बार्थोलोमे याची. १९०४ साली स्ट्रासबुर्गहून निघालेला त्याचा प्राचीन इराणी कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो, आणि तो संपूर्ण रोमन लिप्यंतरात आहे. गेल्डनरची मूळ संहिता, १८८६ ते १८९६ या काळात निघालेली, अवेस्ता लिपीतच छापलेली होती. ज्याला ती लिपी वाचता येत नाही, त्याची सगळी भिस्त बार्थोलोमेवर. बार्थोलोमेने लिपीतली तीन वेगळी ‘श’सारखी चिन्हं एकाच š मध्ये बसवली होती. कार्ल होफमान याने १९७१ साली लिपीतल्या चिन्हांची नव्याने छाननी केली आणि ती पुन्हा वेगळी काढली. शब्दाच्या मधल्या य आणि व यांसाठी लिपीत दोन-दोन चिन्हं जोडून लिहितात, म्हणून त्यांनाही ii आणि uu असंच लिहायचं ठरलं. हातात आलेलं लिप्यंतर कुठल्या काळचं आहे हे म्हणूनच लवकर कळतं : apaourvīm दिसलं तर जुनी पद्धत, apaouruuīm दिसलं तर होफमाननंतरची. शब्द तोच, ‘अपूर्व्य’.

मधल्या काळात एक मोठं वळण येऊन गेलं. १९०२ साली फ्रीडरिश कार्ल आंद्रेआसने असा तर्क मांडला की हा मजकूर आधी स्वरच न लिहिणाऱ्या लिपीत होता, आणि आज दिसणारे स्वर नंतरच्या लेखकांनी अंदाजाने भरले आहेत. तसं असेल तर विभक्तीचे प्रत्यय वाचण्यात अर्थच उरत नाही. मग त्यांची पुनर्रचना करायची. काही दशकं तशा पुनर्रचित गाथा छापल्याही गेल्या. मोर्गेनस्टिएर्नेने १९४२ साली लेखनपद्धती आणि उच्चार यांची मांडणी केली, तेव्हापासून तो तर्क मागे पडला. लिहिलेले स्वर पाठ करणाऱ्यांच्या तोंडचे होते, हेच आता मानलं जातं. अर्थात ते तोंड हजार-दीड हजार वर्षांनंतरचं होतं, हे विसरून चालत नाही.

त्या तोंडाची एक सवय वाचकाला फार त्रास देते. जुन्या गाथांत शब्दाच्या शेवटचा स्वर नेहमी दीर्घ लिहिला जातो, मूळ ऱ्हस्व असला तरी. त्यामुळे ‘अहुरा’ हे संबोधन असू शकतं (मूळ ‘असुर’) किंवा तृतीया असू शकते. ‘वोहू’ म्हणजे ‘चांगलं’ हे नपुंसकलिंगी द्वितीया असू शकतं किंवा तृतीया. इथे चांगलं लिप्यंतरही मदत करत नाही, कारण मूळ लिपीतच फरक नाही. नंतरच्या अवेस्तात मात्र एकाक्षरी शब्द सोडले तर शेवटचा स्वर बहुधा ऱ्हस्व लिहितात, म्हणून पान उघडताच शेवटचे स्वर पाहिले तरी भाषेचा थर कळतो.

मग वाचायचं कसं? दोन्ही कडवी शेजारी ठेवायची. दुसऱ्यात ‘वोहू’च्या मागोमाग manaŋhā येतं. संस्कृत ‘मनसा’ आठवलं की ती तृतीया ठरते, आणि ‘वोहू’ तिच्याशी जुळवून घेतं : ‘चांगल्या मनाने’. तिसऱ्यात मात्र ‘वोहू’च्या आधी ‘मनस्’ला ‘च’ जोडलेला आहे. तिथे तृतीयेचा प्रत्ययच नाही, म्हणून ती द्वितीया : ‘आणि चांगल्या मनाला’. अक्षरशः एकसारखा दिसणारा शब्द, एका कडव्याच्या अंतरावर दोन विभक्तींत. विशेषण अनेकदा आपली विभक्ती स्वतः सांगत नाही, शेजारचं नाम सांगतं.

दुसरा आधार छंदाचा. या गाथेच्या ओळीचे दोन तुकडे असतात, सात अक्षरांचा आणि नऊ अक्षरांचा. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या तुकड्यात ‘मज़्दा अहुरा’ हे संबोधन येतं. आधीची दोन एकाक्षरी रूपं, ‘मज़्दा’ची दोन अक्षरं आणि ‘अहुरा’ची तीन, मिळून सात. हिशेब चोख.

तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत त्याच नावाची द्वितीया येते, mazdąm, पुढे ‘च’ आणि ‘अहुरम्’. डोळ्यांनी मोजलं तर दोन, एक, तीन : सहाच. एक अक्षर कमी पडतं. एफ. बी. जे. क्यूपरने १९५७ साली ‘मज़्दा’वरच्या निबंधात या रूपाची उपपत्ती लावली : मूळ शब्दाच्या शेवटी एक कंठ्य व्यंजन होतं, आणि ते गळल्यावर द्वितीयेत दोन स्वर सुटे राहिले, म्हणजे ‘मज़्दा-अम्’सारखं तीन अक्षरांचं रूप. लेखकांनी ते दोन स्वर एकत्र केले, पण छंदाने ते वेगळे ठेवले आहेत. तीन धरून मोजलं की सात होतात. जुन्या फारसीच्या शिलालेखांत ‘अउरमज़्दाहा’ अशी षष्ठी सापडते, तिथेही शेवटी असेच दोन स्वर वेगळे दिसतात.

म्हणून va च्या कोड्यात अडकलेल्या वाचकाने आधी ओळीची अक्षरं मोजावीत, मग क्रियापदाला कोणती विभक्ती हवी ते पाहावं. तिसऱ्या कडव्यातलं क्रियापद ‘स्तुती गाईन’ अशा अर्थाचं, प्रथमपुरुषी एकवचन. त्याला कर्म हवं. ‘मनस्’ द्वितीयेत, ‘मज़्दा अहुर’ द्वितीयेत, दोघांनाही ‘च’ जोडलेला. तेव्हा va द्वितीयेचंच असणार, म्हणजे vå. पाठात कडं नसलं तरी ते परत बसवता येतं.

उरतो ‘अषा’. तो या दोघांच्या आधी येतो आणि त्याला ‘च’ नाही. ‘हे ऋता’ असं संबोधन, की ‘ऋताने’ अशी तृतीया? रूप दोन्हींना चालतं, छंदही दोन्हींना चालतो. ऋग्वेदात एका देवाला संबोधनात हाक मारून दुसऱ्याला ‘च’ लावून जोडण्याची रीत आहे, आणि तिच्या आधाराने इथे संबोधन घेणं जास्त सरळ पडतं. ‘तुम्हांला’ म्हणून ज्यांना उद्देशलं आहे त्यांत ऋतही बसतं, यादी पूर्ण होते. तृतीया घेतली तर स्तुती ‘ऋताने’ केली जाते, आणि मग ते स्तुत्यांच्या यादीतून बाहेर पडतं. लिप्यंतर कितीही नेमकं असलं तरी हा निवाडा त्यातून निघत नाही.

कडव्याच्या शेवटी मात्र प्रत्यय आपली विभक्ती उघड सांगतो. तिथे ‘हाका’ या अर्थाचा शब्द अनेकवचनी द्वितीयेत आहे : zavə̄ṇg. साध्या छपाईत तो zaveng होतो आणि शेवटचा ‘ङ्ग’ पाहून वाचक मूळ धातूच शोधायला लागतो. संस्कृतातलं ‘हवान्’ शेजारी ठेवलं की कळतं, की धातू तिथे नाहीच. ‘ङ्ग’ हा प्रत्ययाचाच तुकडा आहे, मूळ ‘-न्स्’चा अवशेष.