‘फार होतात हो!’ यानंतर काय?

येवल्यात पैठणीच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, ‘१८ हजार? फार होतात हो.’ नवखा विक्रेता लगेच म्हणतो, ‘बरं ताई, १६ द्या.’ इथेच घात होतो. दोन हजार इतक्या सहज सुटले, म्हणजे भाव आधीच फुगवलेला होता, असं ताईंना वाटतं आणि त्या १४ वर येतात.

मुरलेला दुकानदार आधी विचारतो, ‘कशाच्या मानाने जास्त वाटते?’ आणि गप्प बसतो. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड. जीभ सवलतीकडे धावते. उत्तर येतं, ‘अश्शीच चार हजारांत पाहिली.’ मग तो पदर उलटा करतो. हातमागाच्या पैठणीतला मोर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे, कापलेले धागे असतात. ताई स्वतः बोट फिरवून बघतात.

‘आमचं बजेटच १२ चं आहे’ असं उत्तर आलं, तर मात्र पदर उलटून उपयोग नाही. तेव्हा भाव नव्हे, माल बदलायचा: हातमागाचीच, पण साध्या पदराची, कमी बुट्ट्यांची साडी पुढे ठेवायची. पहिली घडी घालून बाजूला, ताईंना दिसेल अशी.