ऑर्डर तेवढे क्यूआर

देवगडहून हापूस घरपोच पाठवणारा एक बागायतदार डोळ्यासमोर आणा. एप्रिलच्या मध्यावर एकाच दिवसात त्याच्या खात्यात ३२०० रुपयांच्या चाळीस रकमा जमा होतात. पाच डझनांच्या पेटीचा भाव सगळ्यांना सारखाच, त्यामुळे रकमेवरून काही कळत नाही. नावाचाही उपयोग नाही, कारण ऑर्डर डोंबिवलीच्या काकूंनी दिलेली असते आणि पैसे पुण्यातल्या भाच्याने भरलेले असतात. मग रात्री वही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले स्क्रीनशॉट आणि बँकेचे स्टेटमेंट समोर घेऊन जुळवाजुळव सुरू होते. त्यात दोन पेट्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या की सगळी मेहनत वाया.

ही अडचण दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेल्या क्यूआरची आहे. तो फक्त पैसे कुठे पाठवायचे तेवढे सांगतो. किती पाठवायचे आणि कशाबद्दल, हे त्याला ठाऊक नसते. प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळा क्यूआर काढला तर या दोन्ही गोष्टी त्यातच भरता येतात. यूपीआयच्या क्यूआरमध्ये गूढ असे काही नसते. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत मजकुराची एक ओळ असते, ती साधारण अशी:

```
upi://pay?pa=amrai@bank&pn=Amrai&am=3200.00&cu=INR&tr=AM260412047&tn=Peti%2047
```

`pa` म्हणजे पैसे ज्याला जायचे तो यूपीआय आयडी (इथला आयडी नमुन्यापुरता आहे), `pn` म्हणजे नाव, `am` म्हणजे रक्कम आणि `cu` म्हणजे चलन. `tn` ही ग्राहकाला दिसणारी टीप. खरे काम करतो तो `tr`, म्हणजे विक्रेत्याने त्या ऑर्डरला दिलेला संदर्भ क्रमांक. तो ३५ अक्षरांपर्यंत असू शकतो, आणि एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा कुठल्याही ऑर्डरला द्यायचा नाही. ऑर्डर नोंदवली की संगणकाने ही ओळ तयार करायची आणि तिचे चित्र काढायचे. क्यूआरचे चित्र काढणारी साधने फुकट मिळतात. रक्कम आधीच भरलेली असल्यामुळे ग्राहकाच्या अ‍ॅपमध्ये ती बदलता येत नाही. ३२०० ऐवजी चुकून ३२० टाकले, हा प्रकार तिथेच संपतो.

इथवर आलेल्या अनेकांना वाटते की काम झाले. खरे तर जुळणीला अजून सुरुवातही झालेली नसते, कारण क्यूआर ग्राहकाच्या फोनला माहिती देतो, तुम्हाला नाही. पैसे आले ही बातमी तुमच्यापर्यंत बँकेकडूनच येणार, आणि त्या बातमीत तुमचा `tr` असेल तरच पेटी क्रमांक ४७ ला 'पैसे मिळाले' अशी खूण आपोआप लागेल. वैयक्तिक यूपीआय आयडीवर रक्कम आली की स्टेटमेंटमध्ये सहसा पाठवणाऱ्याचे नाव किंवा आयडी आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक दिसतो. तुमचा `tr` तिथे उमटेल याची खात्री नसते.

म्हणून व्यापारी खाते लागते, बँकेचे किंवा पेमेंट गेटवे चालवणाऱ्या कंपनीचे. काकूंच्या भाच्याने क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की त्याच्या बँकेतून पैसे वजा होतात, एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत ते बागायतदाराच्या बँकेत पोहोचतात, आणि ती बँक किंवा गेटवे बागायतदाराच्या सॉफ्टवेअरला इंटरनेटवरून एक संदेश धाडते: `tr` अमुक, रक्कम अमुक, व्यवहार यशस्वी, बारा आकडी क्रमांक अमुक. सॉफ्टवेअर `tr` वरून ऑर्डर शोधते, रक्कम तीच आहे ना ते बघते आणि पेटी पाठवायच्या यादीत टाकते. या सगळ्याला बहुधा काही सेकंद लागतात. यूपीआयवर व्यापाऱ्याला जानेवारी २०२० पासून एमडीआर लागत नाही. तरी गेटवे आपल्या सेवेचे शुल्क घेऊ शकतो, ते आधी विचारून घ्यावे.

हा संदेश कधी दोनदा येतो, कधी येतच नाही. दोनदा आला तरी पेटी एकदाच जावी, म्हणून बारा आकडी क्रमांक नोंदवून ठेवायचा आणि तोच पुन्हा आला तर सोडून द्यायचा. संदेश आलाच नाही तर सॉफ्टवेअरने स्वतःहून `tr` देऊन 'याचे काय झाले?' असे विचारायचे. ही सोय खाते उघडताना मागून घ्यावी. शिवाय संदेश खरोखर बँकेचाच आहे हे त्याच्या डिजिटल सहीवरून तपासायला हवे. नाहीतर ज्याला तुमच्या सॉफ्टवेअरचा पत्ता कळला, तो घरबसल्या 'पैसे आले' असे कळवून आंबे खाईल.

मग ग्राहकाच्या बाजूच्या गमती. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला क्यूआर त्याच फोनने स्कॅन कसा करणार? तो गॅलरीतून उचलावा लागतो, आणि गॅलरीतल्या क्यूआरला बऱ्याचदा २००० रुपयांची मर्यादा आडवी येते. ३२०० ची पेटी तिथेच अडकते आणि ग्राहक म्हणतो, 'तुमचा क्यूआर चालत नाही.' म्हणून चित्रासोबत एक साधा दुवाही पाठवावा, जो उघडला की बटण दाबून थेट यूपीआय अ‍ॅपमध्ये जाता येईल. दुसरी गोष्ट म्हणजे तोच क्यूआर काकूंनीही भरला आणि भाच्यानेही. गेटवेकडून क्यूआर घेताना तो एकदाच चालणारा आणि ठरावीक वेळेनंतर बंद होणारा मागता येतो. घरी बनवलेल्या ओळीला अशी मुदत नसते.

व्यापारी खात्याच्या भानगडीत पडायचे नसेल, तर एक जुगाड आहे आणि मला तो मनापासून आवडतो. प्रत्येक ऑर्डरची रक्कम पैशांनी वेगळी ठेवायची. ४७ व्या पेटीला ३१९९.५३, ४८ व्या पेटीला ३१९९.५२. क्यूआरमध्ये रक्कम कुलूपबंद असल्याने ग्राहक ती पूर्णांकात भरू शकत नाही, आणि स्टेटमेंटमधला आकडाच ऑर्डर सांगतो. काही पैशांची सूट दिली म्हणून बिलात लिहायचे. एका भावाच्या, पैसे यायचे बाकी असलेल्या ऑर्डरी शंभराच्या आत आहेत तोवर हे बिनबोभाट चालते. त्यापुढे मात्र तेच पैसे पुन्हा वापरावे लागतात आणि घोळ परत येतो.

मोठ्या कंपन्यांना यातला काही भाग कायद्यानेच करावा लागतो. वार्षिक उलाढाल ५०० कोटींच्या वर असलेल्यांना सामान्य ग्राहकाच्या बिलावर असा बिलागणिक बदलणारा क्यूआर छापण्याचा जीएसटीचा नियम १ डिसेंबर २०२० पासूनचा आहे.

भाच्याच्या खात्यातून पैसे गेले पण बागायतदाराकडे खूण लागली नाही, असेही होते. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे भरायला लावू नये. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याला व्यवहाराची खात्री मिळाली नाही तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत करावी लागते. त्यापुढच्या विलंबासाठी ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

तेव्हा यंदाच्या हंगामाआधी बँकेत गेलात, तर 'क्यूआर मिळेल का' एवढेच विचारून परतू नका. 'माझा संदर्भ क्रमांक स्टेटमेंटमध्ये आणि तुमच्या संदेशात जसाच्या तसा परत येईल का' हे विचारा, आणि एक रुपयाचा व्यवहार करून तिथेच खात्री करून घ्या.