फोटो अनोळखी माणसाला निवडू द्या

डेटिंग साइटवर फोटो टाकायची वेळ आली की आपण मोबाइलमधले शे-दोनशे फोटो चाळतो आणि स्वतःला आवडलेला टाकून मोकळे होतो. नेमकी इथेच गफलत होते. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये याची पद्धतशीर परीक्षा घेतली. 102 विद्यार्थ्यांनी आपापले 12 फोटो फेसबुकवरून आणले. डेटिंगसाठी कुठला, नोकरीसाठी कुठला, हे आधी स्वतः ठरवलं. मग त्यांना न ओळखणाऱ्यांनीही तीच निवड केली. पुढे तिसऱ्याच लोकांनी हे चेहरे पाहून मतं दिली: आकर्षक वाटतो का, विश्वासू वाटतो का? परक्यांनी निवडलेले फोटो सरस ठरले.

मला याचं कारण असं वाटतं की स्वतःचा फोटो आपण आठवणींसकट पाहतो. समजा, तिशीतल्या एका मुलाने तीन फोटो काढून ठेवलेत. पहिला राजगडावरचा. त्याला त्यात पहाटेची चढण आठवते. पाहणारीला दिसतो काळा गॉगल आणि मुंगीएवढा माणूस. दुसरा मित्राच्या लग्नातला, पाच शेरवान्या एका रांगेत. यातला नक्की कोण, हे शोधत बसायला कुणाला वेळ आहे? तिसरा रात्रीच्या पार्टीतला, चेहरा स्पष्ट, पण फ्लॅश मारलेला.

हा तिसरा सर्वांत फसवा. 2010 मध्ये ओके-क्युपिड या अमेरिकी साइटने आपल्याकडच्या लाखो फोटोंना मिळालेली मतं तपासली, तेव्हा फ्लॅशमध्ये माणूस सुमारे सात वर्षांनी थोराड वाटतो असं दिसलं. समोरून आलेल्या कडक उजेडात त्वचा चकाकते, बारीकसारीक खुणा उठून दिसतात. दिवसा खिडकीशी, पण थेट ऊन अंगावर न घेता उभं राहिलं तर हा त्रास टळतो.

हसावं की नाही, यावर मात्र मी कुणाला छातीठोक सल्ला देणार नाही. त्याच साइटच्या आकड्यांत न हसणारे, कॅमेऱ्याकडे न बघणारे पुरुष पुढे होते. बायकांच्या बाबतीत उलट, कॅमेऱ्यात बघून लाडिक हसणाऱ्या. पण बायकांचं यश मोजलं होतं आलेल्या संदेशांवरून आणि पुरुषांचं, त्यांनी केलेल्या प्रयत्नांपैकी किती ठिकाणी संवाद जुळला त्यावरून. दोन वेगळी मापं. शिवाय मुळातच देखणे पुरुष तसे फोटो टाकत असतील, तर श्रेय नजरेचं की चेहऱ्याचं?

तेव्हा दहा-बारा फोटो मित्राच्या ऑफिसातल्या, आपल्याला न ओळखणाऱ्या दोघा-तिघांना दाखवावेत. ‘चांगला कुठला’ असं मोघम विचारू नये, ‘डेटिंगसाठी कुठला’ असं विचारावं, कारण नोकरीसाठी शोभणारा फोटो इथे चालेलच असं नाही. आईला विचारून फारसा उपयोग नाही. तिला बाराही आवडतात.