पीएफचा दावा का अडकतो? बालाघाटच्या खाण कामगाराच्या उदाहरणातून

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात भरवेलीच्या मँगनीज खाणीपासून मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीपर्यंत अनेकांचे पोट कंत्राटी कामावर चालते. कंत्राट बदलले की मालक बदलतो आणि त्याबरोबर भविष्य निर्वाह निधीचे खातेही बदलते. पैसे काढण्याची वेळ येते, तेव्हा या बदलांत राहून गेलेल्या त्रुटी एकदम समोर येतात.

समजा, एक कामगार २०१६ मध्ये जबलपूर येथे नोंदणी असलेल्या कंत्राटदाराकडे लागला. २०१९ च्या डिसेंबरात ते काम संपले आणि पुढील महिन्यात तो नागपूरच्या कंत्राटदाराकडे गेला. २०२५ मध्ये त्याने काम सोडले आणि संपूर्ण रकमेसाठी दावा केला. तो फेटाळला गेला. कारणे दोन होती : नाव जुळत नव्हते आणि पहिल्या नोकरीतून बाहेर पडल्याची तारीखच नोंदलेली नव्हती.

नावाचा घोळ या सीमाभागात सहज होतो. मराठी कुटुंबात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहिले जातात. हिंदी प्रथेत मधले नाव गळते, कधी नावापुढे ‘लाल’ किंवा ‘कुमार’ जोडले जाते. आधारवर एक रूप आणि निधीच्या नोंदीत दुसरे रूप असले, की पडताळणी अडते.

अशा वेळी तोच दावा पुन्हा भरून उपयोग होत नाही. सदस्याने संकेतस्थळावरील Track Claim Status येथे फेटाळण्याचे कारण वाचावे आणि दुरुस्ती क्रमाने करावी.

पहिले पाऊल आधारचे. निधीची नोंद आधारशी जुळवली जाते, म्हणून आधारच चुकीचे असेल तर आधी ते सुधारावे. मात्र आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे पाऊल संयुक्त घोषणापत्राचे. संकेतस्थळावर Manage या विभागात ते भरता येते. जानेवारी २०२५ पासून ही प्रक्रिया सुलभ झाली आहे. ज्यांचा १२ अंकी यूएएन क्रमांक १ ऑक्टोबर २०१७ रोजी किंवा त्यानंतर आधारच्या आधारे निघाला, त्यांना नाव, जन्मतारीख अशा तपशिलांत स्वतः बदल करता येतो. उदाहरणातील कामगाराचा क्रमांक २०१६ चा आहे. त्यामुळे त्याला शेवटच्या मालकाची, म्हणजे नागपूरच्या कंत्राटदाराची, मंजुरी घ्यावी लागेल. आस्थापना बंद पडली असेल, तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीने साक्षांकित केलेले कागदी घोषणापत्र निधी कार्यालयात देता येते.

तिसरे पाऊल बाहेर पडण्याच्या तारखेचे. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले असतील, तर Mark Exit या सोयीतून सदस्य स्वतः ती नोंदवू शकतो. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे, त्याच महिन्यातील हवी. उदाहरणात ती डिसेंबर २०१९ मधीलच येईल. येथे चुकून पुढील वर्षाची तारीख पडली, तर दोन नोकऱ्या एकाच काळात दिसतात आणि नवा पेच उभा राहतो.

ही नोंद झाल्यावर जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात वर्ग करावी आणि मगच अंतिम रकमेसाठी फॉर्म १९ भरावा. बँक खात्यावरील नावही आधारप्रमाणेच असावे. एप्रिल २०२५ पासून धनादेशाची प्रतिमा जोडण्याची अट मात्र उरलेली नाही.

अनेकांची फेरी चुकते ती कार्यालयाच्या बाबतीत. कामगार बालाघाटात राहतो म्हणून त्याचा दावा जबलपूरलाच असेल, असे नाही. सदस्य क्रमांकाची पहिली अक्षरे पाहावीत : MPJBP असल्यास जबलपूर, NGNAG असल्यास नागपूर. उदाहरणात रक्कम नव्या खात्यात गेल्यावर दाव्याचा निकाल नागपूरला लागेल. प्रत्यक्ष भेटून विचारायचे असल्यास ‘निधी आपके निकट’ हा उपक्रम दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास जिल्ह्यांत भरतो.

दावा सर्व बाबतींत पूर्ण असेल, तर १९५२ च्या योजनेनुसार तो २० दिवसांत निकाली निघायला हवा. पुरेशा कारणाविना विलंब झाल्यास आयुक्तावर वार्षिक १२ टक्के दंडव्याजाची जबाबदारी येते. मुदत उलटली, तर EPFiGMS या तक्रार संकेतस्थळावर दाव्याचा क्रमांक देऊन तक्रार नोंदवावी. परंतु हे दिवस मोजायचे ते पूर्ण दाव्यापासून. नावातील एक जास्तीचे अक्षर जोवर तसेच राहते, तोवर दावा पूर्ण ठरत नाही आणि मुदतीचा आधारही कामगाराला मिळत नाही.