जर्मन डबा, मराठी रंगारी

जर्मनीत भाड्याचं घर सोडताना भिंती रंगवून द्याव्यात, अशी अट अनेक करारांत असते. ती दर वेळी कायद्यात टिकतेच असं नाही, पण टिकली तर रंगाऱ्याची मजुरी खिशाला झेपत नाही. मग आयुष्यात कधी ब्रश न धरलेला आपला मुलगा किंवा सून दुकानातून बादली आणते आणि मागच्या मजकुराचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो. गोल बादलीवरच्या ओळी कडेला वळून अर्ध्याच दिसतात, म्हणून बादली फिरवत तीन-चार फोटो घ्यावेत. एक गोष्ट लक्षात असू द्यावी. जर्मनीत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, त्यामुळे २,५ लिटर म्हणजे अडीच लिटर, पंचवीस नव्हे.

पहिला शोधायचा शब्द ‘एर्गीबिष्काइट’. एक लिटर रंग किती जागा झाकतो, ते त्यापुढे लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ लिटरला ७ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७५ चौरस फूट. १० लिटरच्या बादलीवर पुढे मोठ्या अक्षरात ‘७० चौरस मीटर’ दिसतं ते याच हिशेबानं, आणि ते एका हाताचं असतं. आपल्याकडच्या डब्यांवर पुष्कळदा दोन हातांचा आकडा देतात, म्हणून इथे फसगत होते.

चार मीटर बाय साडेतीन मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली धरू. चार भिंतींची लांबी मिळून १५ मीटर, क्षेत्रफळ साडेसदतीस चौरस मीटर. दार-खिडकीचे चार वजा केले की सुमारे ३४ उरतात. एका हाताला पाच लिटरच्या आत रंग लागेल, दोन हातांना जवळजवळ १०. एक बादली जेमतेम पुरते. छत रंगवायचं तर त्याचे १४ चौरस मीटर आणखी, म्हणजे दोन हातांना चार लिटर जास्त. खरखरीत भिंत याहूनही अधिक रंग पिते.

‘फरड्युनुंग’ म्हणजे पातळ करणं. भारतातले बरेच इमल्शन घट्ट येतात, त्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी घालायला डब्यावरच सांगितलेलं असतं. जर्मन भिंतीचा रंग बहुधा तयारच असतो, आणि तिथे ‘जास्तीत जास्त ५ टक्के पाणी’ असं वाचायला मिळतं. पाच लिटरला पाव लिटर, बस. घरच्या सवयीनं तांब्याभर पाणी ओतलं तर रंग ओघळतो, खालचा डाग डोकावतो आणि तिसरा हात मारावा लागतो. दारं नि रेडिएटरसाठी घेतलेल्या ‘कुन्स्टहार्त्सलाक’ या तेलकट रंगाला मात्र पाणी चालत नाही. त्याला ‘टेर्पेंटिनएरझात्स’ लागतं, आपल्या टर्पेंटाइनच्या जागचं. शेजारच्या फळीवर असणारं ‘निट्रो’ नावाचं थिनर त्यासाठी नाही. ते खालचा जुना थर उचकटतं.

वाळण्याचे तास २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता धरून दिलेले असतात. ‘युबरश्ट्राइशबार’ म्हणजे पुढचा हात मारण्याजोगं, आणि भिंतीच्या रंगाला त्यापुढे चार ते सहा तास लिहिलेले आढळतात. ‘डुर्शगेट्रॉक्नेट’ म्हणजे आतपर्यंत वाळलेलं, त्याला काही दिवस लागू शकतात, तोवर कपाट भिंतीला टेकवू नये. नोव्हेंबरात खोली उबदार असली तरी बाहेरच्या बाजूची भिंत थंड असते, तिथे हे तास पुढे जातात. हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करून पाहावं. भिंत गार लागली किंवा काही पट्टे गडद दिसले तर थांबावं. घाई केली तर रोलरला खालचा थर चिकटून पापुद्रे निघतात.

वाऱ्याची सूचना दोन्ही डब्यांवर असते, पण पाळण्याची रीत वेगळी. पाण्याच्या रंगात भिंत रंगवताना जोराचा वारा नको, कारण ओली कड लवकर सुकली की रोलरचे जोड दिसतात. एक भिंत एका दमात संपवावी आणि मग खिडक्या सताड उघडाव्यात. तिथली वरून तिरकी उघडणारी फट पुरेशी नाही. तेलकट रंगाला मात्र पहिल्या क्षणापासून खिडकी उघडी हवी. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो, बंद खोलीत चिकटच राहतो. शिवाय त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारी. जवळ मेणबत्ती, सिगरेट, गॅस काही नको. डोकं जड झालं तर काम टाकून बाहेर पडावं, आणि त्या रात्री त्या खोलीत झोपू नये.

या तेलकट रंगाच्या चिंध्या गोळा करून पिशवीत कोंबू नयेत. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात. उरलेला ओला रंग सिंकमध्ये ओतायचा नाही, नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रात द्यायचा.